पुरी फुगण्याआधीचे पाच सेकंद

यूट्यूबवर ‘स्किप’चं बटण पाच सेकंदांनी येतं. तेवढ्यात मराठीत जेमतेम दहा-बारा शब्द बोलून होतात. खाद्यतेलाची नेहमीची जाहिरात ते ‘आजच्या धावपळीच्या जीवनात’ म्हणण्यातच घालवते.

धाराची जलेबीवाली जुनी जाहिरात आठवा. आधी घर सोडून निघालेला मुलगा, मग जलेबी, आणि तेल त्यानंतर. टीव्हीवर हे चाललं, कारण तिथे बटणच नव्हतं.

आज आम्ही असं लिहू: पहिल्याच सेकंदाला पुरी कढईत पडते, शेजारी तेलाची पिशवी, नाव वाचता येईल अशी. झाऱ्याने पुरी दाबली जातेय. पाचव्या सेकंदाला ती अर्धीच फुगलेली असते. बटण येतं, पण डोळे पुरीवर राहतात.

मात्र यात एक खोट आहे. पुरी फुगते ती आतल्या वाफेने. नीट तापलेल्या कुठल्याही तेलात फुगेल. म्हणजे पुरी प्रेक्षकाला थांबवते, हेच तेल घ्यायचं कारण देत नाही. ते पुढे द्यावंच लागतं. आणि जो निघून जातो, त्याच्याकडे फक्त नाव उरतं. म्हणून आवाज बंद करा, पाचव्या सेकंदाला चित्र थांबवा आणि बघा: तेल कोणतं, ते कळलं का?