गाठ कुठे मारली आहे?

तीन अनोळखी माणसांच्या गोष्टी शेवटी एका प्रसंगात आणून मिळवायच्या, हा प्रकार आता जुना झाला. बहुतेकदा अपघात होतो, तिघं एकाच रस्त्यावर सापडतात, आणि योगायोगाला आपण नियती म्हणून मोकळे होतो. म्हणून आनंद गांधी यांचा 'शिप ऑफ थिसिअस' (२०१२) मी सुर्ल्याला घरी दुसऱ्यांदा पाहिला तो फक्त गाठ शोधायला.

आलिया ही अंध छायाचित्रकार. मैत्रेय हा साधू, प्राण्यांवरच्या औषध-प्रयोगांविरुद्ध कोर्टात लढणारा. नवीन हा शेअर दलाल. तिघांच्या गोष्टी एकमेकींत न मिसळता एकामागून एक येतात. शेवटी कळतं, की आलियाचे डोळे, मैत्रेयचं यकृत आणि नवीनची किडनी एकाच मृत माणसाकडून आली.

आता हे बघा. दात्याकडून काढलेलं यकृत काही तासांतच बसवावं लागतं, किडनीला फार तर दीड दिवस मिळतो. म्हणजे ही दोन ऑपरेशनं साधारण एकाच वेळची. पण ती घटना आलियाच्या गोष्टीत मध्ये आहे, मैत्रेयच्या गोष्टीत शेवटी, आणि नवीनच्या गोष्टीत सुरुवातीच्याही आधी. पहिल्यांदा पाहताना आपल्याला वाटतं, गोष्टी पुढे चालल्यात. खरं तर त्या एकाच मृत्यूभोवती तीन बाजूंनी उभ्या आहेत. गाठ शेवटी मारलेली नाही, फक्त शेवटी दिसते. योगायोगाची ही जोडणी नाही, कारणाची आहे. म्हणून ती पटते.

माझ्या जाऊबाई मध्येच म्हणाल्या, "अगो, म्हणजे साधू हरलाच की!" आम्हा जैन घरांत हे वाक्य टोचतं. चित्रपटातला पंथ काल्पनिक असला तरी साधू आपल्या ओळखीचा वाटतो. प्राण्यांवर तपासलेली औषधं नकोत म्हणून तो उपास धरतो, आणि अखेर निश्चय मोडून यकृत स्वीकारतो. त्याची गोष्ट एकटी वाचली तर जाऊबाई बरोबर. पण शेवट कळल्यावर प्रश्न बदलतो. ज्या शरीराची आसक्ती सोडायची, ते तरी पूर्ण त्याचं कुठे उरलं? फळ्या बदललेलं जहाज तेच का, हा शीर्षकातला जुना ग्रीक प्रश्न इथे साधूच्या पोटात येऊन बसतो.

एक तक्रार आहेच. प्रत्यक्षात दात्याची ओळख सहसा गुप्त ठेवतात. इथे सगळ्यांना मुद्दाम एकत्र बोलावलं आहे. ती सोय दिसते. पण पुढे जे दाखवलं ते दात्यानं गुहेत केलेलं चित्रण. त्यात तो स्वतः सावलीपुरताच. चौथी गोष्ट सांगितलीच नाही, हे मला आवडलं. दान देणारा एवढाच दिसावा.

जाऊबाईंना मी एवढंच म्हटलं, "हरला असेल. पण एकटा नव्हता."