चौथऱ्यासाठी एक लाख

१६ मार्च १८८५ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकात त्याचे मालक-संपादक जोसेफ पुलित्झर यांनी एक आवाहन छापलं. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा पॅरिसमध्ये घडवून तयार होता, पण न्यूयॉर्कच्या बंदरातल्या बेटावर तो ज्यावर उभा राहायचा, तो चौथरा अर्धवट होता. त्यासाठी नेमलेल्या अमेरिकन समितीच्या खात्यात जेमतेम ३,००० डॉलर उरले होते आणि काम बंद पडलं होतं. आवाहनानंतर पाच महिन्यांच्या आत, ११ ऑगस्टला, एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला गेला. देणारे होते सव्वा लाखाच्या आसपास आणि त्यांतल्या बहुतेकांनी डॉलरभर किंवा त्याहून कमीच दिलं होतं. लोकवर्गणीसाठी लिहिलेल्या मजकुरांत हा मजकूर मला सर्वांत सकस वाटतो. आज ऑनलाइन निधी मागणारं पान सुधारायला बसावं, तर आधी हा मजकूर वाचावा.

त्याची खरी गोडी कळते ती दोन वर्षं मागे गेल्यावर. १८८३मध्ये ‘वर्ल्ड’ विकत घेतल्यावर पुलित्झर यांनी याच चौथऱ्यासाठी हाक दिली होती आणि हाती आले होते सुमारे १३५ डॉलर. संपादक तोच, दैनिक तेच, कारणही तेच. या दरम्यान दैनिकाचा खप वाढला होता, हे खरं. पण सांगण्यासारखं जे होतं, तेही बदललं होतं. १८८३मध्ये पुतळा अपुरा होता आणि चौथऱ्याची कोनशिलाही बसली नव्हती. वाचकाने विश्वास ठेवायचा तो एका संकल्पावर. १८८५मध्ये पुतळा पूर्ण झालेला, पाया घातलेला, बांधकाम सुरू होऊन थांबलेलं. आता मागणी होती ती एका ठरावीक तुटीची.

कथेचा भाग पाहा. पुलित्झर स्वातंत्र्याच्या थोरवीवर पानं खर्ची घालत नाहीत. ते सांगतात की पुतळ्याचे अडीच लाख डॉलर फ्रान्सच्या सामान्य माणसांनी दिले, आणि ही माणसं कोण, तेही सांगतात: कामगार, व्यापारी, दुकानांत काम करणाऱ्या मुली, कारागीर. ‘फ्रेंच जनता’ एवढंच लिहिलं असतं तर अर्थ तोच राहिला असता, पण न्यूयॉर्कच्या दुकानातल्या मुलीला त्या ओळीत स्वतःचा चेहरा दिसला नसता. पुढचं वाक्य याच यादीवर उभं आहे: ही फ्रान्सच्या लक्षाधीशांनी अमेरिकेच्या लक्षाधीशांना दिलेली भेट नाही, म्हणून पैशांसाठी लक्षाधीशांची वाट पाहू नये. मागण्याचं कारण कथेतूनच निघतं, वेगळं चिकटवावं लागत नाही. संपादन करताना मी हेच तपासतो. पहिला परिच्छेद काढून टाकला तरी मागणी जशीच्या तशी उभी राहत असेल, तर तो परिच्छेद कथा नव्हे, नुसती सजावट असते.

लक्ष्याचा आकडा हे या मजकुराचं दुसरं बळ. एक लाख डॉलर ही संपूर्ण चौथऱ्याची किंमत नव्हती, ते उरलेलं काम पुरं करण्याचे पैसे होते. आधी काय जमलं, काय झालं, काय राहिलं, हे वाचणाऱ्याला कळत होतं, त्यामुळे आकडा हवेतून आलेला वाटत नव्हता. आकडा गोल आहे याने काही बिघडत नाही. त्याच्यामागची वजाबाकी दिसली की गोल आकडाही पटतो.

परताव्याच्या बाबतीत तर मी या मोहिमेच्या प्रेमातच आहे. समिती एका डॉलरला सहा इंची आणि पाच डॉलरना बारा इंची छोटी प्रतिकृती देत होती. उंची आणि किंमत दोन्ही लिहिलेली, त्यामुळे काय मिळणार याबद्दल शंकेला जागा नाही. पुलित्झर यांनी वेगळी गोष्ट देऊ केली: रक्कम कितीही असो, प्रत्येक देणाऱ्याचं नाव दैनिकात छापायचं. नाव छापायला टपालखर्च लागत नाही आणि दैनिक तर रोज निघतंच, म्हणून हे वचन पाळणं त्यांच्या आवाक्यातलं होतं. शिवाय रोज वाढत जाणारी ती नामावली म्हणजेच मोहिमेचा हिशेब होता. पैसे पोहोचले की नाही, याचा पुरावा देणाऱ्याला स्वतःच्या नावात सापडत होता. एकाच ओळीत परतावाही आणि पावतीही.

आता हीच नजर आजच्या पानावर फिरवू. समजा, एका तालुक्यातल्या मंडळाला परिसरातल्या जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक काढायचं आहे. कच्च्या मजकुरात लिहिलंय: ‘लोप पावत चाललेला अमूल्य ठेवा जतन करण्यासाठी पाच लाखांची गरज आहे. सढळ हाताने मदत करा.’ यात खोटं काही नाही, पण तपासता येईल असंही काही नाही. मी मंडळाला विचारीन: ओव्या किती, कोणी सांगितल्या, कोणत्या गावांतून मिळाल्या, लिहून झाल्या का? उत्तरं आली की वाक्य असं होतं: ‘चार गावांतल्या अकरा बायांकडून ४१० ओव्या ध्वनिमुद्रित करून उतरवल्या आहेत. आता छपाई बाकी आहे.’ ‘अमूल्य’ हा शब्द आपोआप गळून पडतो.

मग पाच लाखांचं काय? खर्च मांडला की कळतं: ५०० प्रतींची छपाई १,२०,०००, अक्षरजुळणी व मुद्रितशोधन ४०,०००, मुखपृष्ठ १५,०००, आणि ३०० प्रती घरपोच पाठवायला ८० रुपयांप्रमाणे २४,०००. एकूण १,९९,०००. इथे बहुतेक पानं एका ठिकाणी घसरतात. संकेतस्थळ आणि पैसे भरण्याची यंत्रणा यांचं शुल्क मिळून ८ टक्के धरलं, तर ते जमलेल्या एकूण रकमेवर कापलं जातं. म्हणून १,९९,०००मध्ये ८ टक्के मिळवून भागत नाही. तसं केलं तर लक्ष्य २,१४,९२० होतं आणि कपात होऊन हाती १,९७,७२६ येतात, म्हणजे सव्वा हजाराहून जास्त तूट. १,९९,०००ला ०.९२ने भागावं लागतं. तेव्हा २,१६,३०४ येतात आणि लक्ष्य २,१७,००० ठेवता येतं. पाच लाखांपेक्षा हा आकडा लहान आहे, पण कोणी ‘इतके कशाला?’ विचारलं तर प्रत्येक ओळीला उत्तर आहे.

परताव्यालाही हीच शिस्त लावावी. ५०० रुपये देणाऱ्याला एक प्रत द्यायची तर छपाईचे २४०, टपालाचे ८० आणि शुल्काचे ४० गेले, कामासाठी उरले १४०. त्याच्या जोडीला सुती पिशवी कबूल केली, तर त्या १४०मधलाही बराच भाग पिशवीत जाईल. मी पिशवी खोडीन आणि पुस्तकाच्या शेवटी देणाऱ्याचं नाव छापायला सांगीन. प्रत केव्हा मिळेल ते महिन्यानिशी लिहावं, आणि छपाई लांबली तर कधी व कसं कळवणार, तेही. किकस्टार्टरवर मोहीम मांडणाऱ्याला अडचणी आणि जोखमी यांचा वेगळा भाग लिहावाच लागतो, तो याचसाठी.

पुलित्झर यांची भाषा तापलेली होती, आवेशाची होती, आणि तरी ती खोटी वाटत नाही, कारण आवेशाच्या प्रत्येक वाक्याखाली एक तपासता येणारी वस्तू आहे: तयार पुतळा, थांबलेलं बांधकाम, उरलेली रक्कम, छापलेलं नाव. भावना कमी करणं हे पान सुधारणाऱ्याचं काम नाही. प्रत्येक भावनेच्या शेजारी अशी एक वस्तू ठेवायची, आणि जिला शेजार मिळत नाही ती ओळ काढून टाकायची.