पांढऱ्या अक्षरांतील उमेदवार

अलीकडे एक लघुकथा आमच्या वाचनात आली. तिची नायिका एका गोदामात सहा वर्षे मालाचा हिशेब ठेवीत असते. गोदाम बंद पडते आणि ती नव्या जागेसाठी अर्ज करू लागते. अर्ज आधी संगणक वाचतो, जाहिरातीतले शब्द न सापडल्यास तो केराच्या टोपलीत टाकतो, अशी भीती तिला कोणीतरी घातलेली असते. म्हणून ती सबंध जाहिरात आपल्या माहितीपत्राच्या तळाशी चिकटवते, अक्षरे अगदी बारीक करते व त्यांना पांढरा रंग देते. पाहणाऱ्यास तेथे कोरा कागदच दिसावा.

ही युक्ती कशी फसते, हे लेखिकेने अचूक टिपले आहे. निवड करणाऱ्या बाईंपुढे यंत्राने पानातून वेगळा काढलेला नुसता मजकूर येतो. त्यात ना रंग उरतो, ना आकार. 'निवड झालेल्या उमेदवारास रात्रपाळी करावी लागेल' हे वाक्य उमेदवाराच्याच तोंडी पाहून बाई थबकतात. पुढे तर जाहिरात लिहिताना त्यांच्याच हातून गळालेले एक अक्षर तसेच गळालेले परत आलेले असते.

परंतु कथेचा प्राण ह्यापुढे आहे. बाई वरचा, उघड मजकूर वाचतात. जाहिरातीत 'साठ्याचा ताळमेळ' ह्या कामाचा अनुभव मागितलेला. नायिकेने लिहिलेले, 'दरमहा माल वहीशी जुळविला'. काम एकच, शब्द निराळे! तो एक शब्द तिने आपल्या ओळीत उघडपणे घातला असता, तर चोरीचे कारणच नव्हते. उलट, बाईंनी त्याच शब्दाने शोध घेतल्यामुळे, चोरी नसती तर हा अर्ज त्यांच्या दृष्टीसही पडला नसता. दोष दोघींच्या पदरी येतो, हे लेखिकेने न बोलता दाखविले आहे.

दोन ठिकाणी मात्र आमचा मतभेद आहे. कथेतील यंत्र गुण देऊन स्वतःच उमेदवारांना बाद करते. वस्तुतः अशी यंत्रे बहुधा अर्ज साठवितात, शब्दाने शोधू देतात, फार तर क्रम लावतात. ठराविक प्रश्नांच्या उत्तरांवरून कोणास वगळले गेले, तरी ते प्रश्न माणसानेच घातलेले असतात. यंत्राला खलनायक केल्याने बाईंची जबाबदारी उगाच हलकी होते.

दुसरे, शेवटी बाई त्या पांढऱ्या मजकुराविषयी चकार शब्द न काढता नायिकेस नोकरी देतात. वहीत आहे तेच गोदामात असावे, हीच ज्या कामाची पहिली अट, त्या कामासाठी आलेल्या बाईच्या कागदावर हे काय, असा प्रश्न विचारला जायला हवा होता. त्याचे उत्तर ऐकण्यास आम्ही अखेरच्या ओळीपर्यंत उत्सुक होतो.