भाडेकरूला इंटरप्लीडर कधी मिळत नाही?

पुस्तकांत इंटरप्लीडर दावा फार सोपा दिसतो: पैसे आपले नाहीत, मागणारे दोघं, मग रक्कम कोर्टात भरा आणि सुटा. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 88 वाचून थांबलात तर असंच वाटेल. आदेश 35 चा नियम 5 मात्र बघाच. घरमालक वारला, दोन मुलगे वेगवेगळे भाडं मागतायत. दोघंही मालकामार्फतच हक्क सांगतात, म्हणून भाडेकरूला हा दावा लावता येतो. पण तिसराच कुणी ‘घर मुळात माझंच’ म्हणाला, तर नाही. भाडेकरूने मालकाच्या हक्कावरच वाद उभा करू नये, हा त्यामागचा विचार. मला ही रेघ जरा जास्तच कडक वाटते. तो बिचारा काहीच नाकारत नाही, भाडं कुणाला द्यायचं एवढंच विचारतोय.