मामांच्या खांद्यावरचा कोट

मामांच्या लग्नाचा हा फोटो नारायणगावजवळच्या मळ्यात काढलेला आहे, २००६ सालच्या मे महिन्यात. मागे मांडवाची झालर, शेजारी मामी आणि मध्ये गडद राखाडी कोटातले मामा. हार अजून गळ्यात पडलेले नाहीत. मामांचे दोन्ही हात सरळ खाली आहेत, कोटाचं वरचं बटण लावलेलं आहे आणि ऊन डावीकडून तिरपं येतंय. माझा धंदा शिवणकामाचा. अल्बममध्ये सत्तरएक फोटो असतील, पण कोट कसा बसलाय हे वाचायला मी हाच फोटो काढून घेतला. हात वर गेला की कोणताही कोट उचलला जातो, हार पडला की छाती दबते आणि समोरून फ्लॅश मारला की उथळ सुरकुत्या पुसल्या जातात. इथे यातलं काहीच झालेलं नाही. तिरप्या उन्हाने तर प्रत्येक घडीला तिची सावली दिली आहे.

पहिल्या नजरेत कोट देखणाच दिसतो. लॅपल छातीवर सपाट पडली आहे, ती कुठे फुगत नाही की वळत नाही. आतला कॅनव्हास चांगल्या हाताने बसवलाय, हे तेवढ्यावरून कळतं. बटणाच्या दोन्ही बाजूंना वीतभरही नाहीत अशा दोन सुरकुत्या निघाल्या आहेत. त्या थेट बगलेच्या शिवणीपर्यंत पोचल्या असत्या, तर कोट कमरेत घट्ट आहे असं मी म्हटलं असतं. जेवणानंतर बटण लावलं की एवढी ओढ चांगल्या कोटालाही येते.

आता नजर वर, मामांच्या उजव्या खांद्याकडे न्या. फोटोत तो आपल्या डाव्या हाताला आहे. कॉलरपाशी सुरू होऊन बगलेकडे उतरणाऱ्या तीन तिरप्या घड्या तिथे दिसतात. डाव्या खांद्यावर त्यांचा मागमूस नाही. ओढीची घडी वाचायची रीत अशी, की तिच्यावर बोट ठेवून दोन्ही टोकांपर्यंत जायचं. कापड जिथे अडकलंय किंवा जिथे त्याला आधार नाही, तिथेच ती संपते. नुसतं ढगळ कापड अशी दिशा दाखवत नाही, ते झोळ होऊन खाली लोंबतं. इथे तिन्ही घड्यांचं वरचं टोक मानेपाशी अडकलंय आणि खालचं टोक बगलेत बुडतंय. म्हणजे उजवीकडे कोटाला मानेजवळ आधार आहे, पण खांद्याच्या टोकाला नाही. मामांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे आणि कोट मात्र दोन्ही खांदे सारखे धरून कापलाय.

हे वाचताना मला मामांचं अंग आठवतं. ज्याची बहुतेक कामं उजव्या हाताने होतात, त्याचा उजवा खांदा बहुधा थोडा उतरलेला असतो. मामांनी ऐन हंगामात वीस-वीस किलोचे टोमॅटोचे क्रेट टेम्पोत चढवले, बांधणी आणि खुडणी वाकून केली. जुन्नर-आंबेगावात कोट शिवायला येणारी निम्मी तरणी पोरं मला अशाच अंगाची भेटतात. बारीक कमर, भरलेले दंड, किंचित गोल पाठ आणि एक खांदा उतरलेला. माप घेताना टेप छाती, कमर आणि बाहीवरून फिरतो, पण खांद्यांचा उतार त्याला कळत नाही. तो गिऱ्हाइकाच्या मागे चार पावलं उभं राहून डोळ्यांनीच पाहावा लागतो.

याच खांद्यावर दुसरी खूण आहे. पॅड संपतो तिथे बाहीच्या माथ्याखाली अंगठा बसेल एवढा खळगा पडलाय आणि उन्हाने त्याच्या तळाशी काळी रेघ ओढली आहे. कोटाचा खांदा हाडाच्या पुढे गेला की पॅडखाली अंगच उरत नाही. बाहीचं कापड त्या पोकळीत आत जातं आणि खाली दंडाचा फुगीर भाग लागला की पुन्हा बाहेर येतं. खळगा म्हणजे ही मधली जागा. डावीकडेही तो आहे, पण पुसट. म्हणजे कोटाचा खांदा दोन्ही बाजूंनी मोठा आहे आणि उजवीकडे उताराने त्यात भर घातली आहे.

तिसरी खूण या फोटोत दिसत नाही. तिच्यासाठी अल्बमचं पुढचं पान उलटावं लागतं. तिथे मामा बाजूने उभे आहेत, मंगलाष्टकं ऐकत. कोटाची कॉलर मागच्या बाजूला शर्टाच्या कॉलरपासून सुटली आहे, मध्ये बोट जाईल एवढी. एवढं पाहून पुष्कळजण म्हणतात, कॉलर मोठी झाली. पण त्याच फोटोत खाली पाहा. कोटाचा मागचा काठ पुढच्यापेक्षा दीडेक इंच वर चढलाय. गोल पाठीवरून जायला कापडाला जास्त लांबी लागते. पाठीच्या भागात ती ठेवली नाही, की पाठ ती दोन्हीकडून घेते. खालून काठ वर ओढला जातो आणि वरून कॉलर मानेपासून मागे खेचली जाते. दोष पाठीच्या लांबीचा आहे, कॉलर फक्त तो दाखवते. मामा त्या क्षणी वाकलेले असते, तर मात्र या फोटोवरून मी काहीच बोललो नसतो. वाकल्यावर चांगल्या कोटाचीही कॉलर सुटते.

हे सगळं नुसतं फोटोवरून सांगितलं असतं, तर तो अंदाजच राहिला असता. पण कोट ट्रंकेत होता, आणि गेल्या वर्षी भाच्याला तो त्याच्या साखरपुड्यात घालायचा होता. अंगही अगदी मामांचं. मी कोट त्याच्या अंगावर चढवला आणि उजव्या पॅडखाली रुमालाची घडी सरकवली. बगलेकडे उतरणाऱ्या तिन्ही घड्या जागच्या जागी विरल्या. मग तीरा मोजला. कोटाचा साडेअठरा इंच भरला, भाच्याचा हाडापासून हाडापर्यंत साडेसतरा. दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच जास्त होता.

आधी बाह्या उसवल्या. मुंढा अर्धा इंच आत घेतला, बाही पुन्हा बसवली आणि तिच्या माथ्याखाली कापसाची पातळ पट्टी घातली. उजव्या पॅडला एक थर वाढवला. खांदा उतरता कापूनही घड्या जातात, पण मग दोन्ही खांद्यांतला फरक लांबूनही दिसतो. लग्नकार्याच्या कोटात मी भर घालणंच पसंत करतो. पाठीचं काम अवघड होतं. ज्याने कोट शिवला, त्याने बगलेत भरपूर माया सोडली होती, पण मानेपाशी जेमतेम पाव इंच. तेवढ्यात पाठ लांबवता येईना. म्हणून उलटं केलं. समोरचा भाग खांद्याच्या शिवणीत उचलून आखूड केला, म्हणजे पुढचं आणि मागचं जुळलं, आणि कॉलर काढून नव्याने बसवली.

कॉलर आता मानेला टेकते. मागचा काठ मात्र अजून अर्धा इंच वर राहतो, तो या कापडात खाली येणार नाही.

तुमच्या घरी कोट शिवायला टाकला असेल, तर कच्च्या टाक्यांच्या ट्रायलला तीन फोटो काढून घ्या. समोरून, बाजूने आणि पाठीमागून, हात खाली सोडून, खिडकीच्या तिरप्या उजेडात. मुंढा पक्का शिवायच्या आधी ते शिंप्याला दाखवा.