१९९ रुपयांचं सिनॉप्सिस टेम्प्लेट: भरून पाहिलं, काय कळलं

सिनॉप्सिस कसा लिहायचा याचा व्हिडिओ फुकट असतो, पण त्याच्या खाली ‘रेडिमेड टेम्प्लेट, फक्त १९९ रुपये’ अशी लिंक असते. असं एक टेम्प्लेट मी घेतलं आणि आमच्या आचोळ्याचा विषय टाकून प्रामाणिकपणे भरलं.

विषय असा. आचोळ्यात कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४-२५ मध्ये पाडल्या गेल्या. तिथली कुटुंबं पुढे कुठे आणि कशी राहिली, हा माझा प्रश्न.

टेम्प्लेटमधलं पहिलं वाक्य होतं, ‘___ यांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अभ्यास करणे.’ रिकाम्या जागी ‘विस्थापित कुटुंबे’ लिहिलं, उद्दिष्ट तयार! मग सहज ‘मच्छीमार महिला’ लिहून पाहिलं, तरी वाक्य तितकंच शोभलं. विषय बदलला तरी जे वाक्य हलत नाही, ते तुमच्या विषयाबद्दल काहीच सांगत नसतं. विकतची कोणतीही वर्कशीट आधी या कसोटीवर घासून बघा.

खरी अडचण पुढे आली. नमुना निवडीच्या रकान्यात ‘यादृच्छिक पद्धतीने १०० उत्तरदाते’ असं आधीच छापलेलं होतं. आता बघा, यादृच्छिक निवडीसाठी आधी सगळ्यांची यादी हवी, म्हणजे नमुना चौकट. इथे तर इमारतीच उरल्या नाहीत, माणसं पांगली. यादी आणायची कुठून? एका कुटुंबाकडून दुसऱ्याचा पत्ता घेत जायचं, म्हणजे हिमगोल पद्धत, हाच इथे जवळचा मार्ग. पण त्यात ज्यांचा शेजाऱ्यांशी संपर्क तुटला, तेच सुटतात, आणि कदाचित सगळ्यात जास्त हाल त्यांचेच झालेले असतात. ही मर्यादा लिहायला टेम्प्लेटमध्ये रकानाच नव्हता. तोंडी परीक्षेत मात्र नेमकं हेच विचारतील.

शिवाय तेच टेम्प्लेट घेणाऱ्या सगळ्यांची वाक्यंही तीच. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत गृहीतक आणि निष्कर्ष स्वतःचे असणं अपेक्षित आहे. विकत घेतलेलं वाक्य पैसे दिले म्हणून तुमचं होत नाही.

मग सगळीच टेम्प्लेटं टाकाऊ का? नाही. वाचलेल्या लेखांची नोंद ठेवायचा साधा तक्ता (प्रश्न काय, माहिती कुठली, पद्धत कोणती, काय सुटलं) खरंच कामाचा असतो, कारण तो उत्तर देत नाही, विचारतो. असा तक्ता विकणाऱ्याने त्याचे पैसे घेतले तर माझी तक्रार नाही. छापील उत्तरं विकणाऱ्याबद्दल आहे.

आणि सिनॉप्सिसचा साचाच बघायचा असेल, तर इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगोत्री’वर विद्यापीठांनी ठेवलेले सिनॉप्सिस फुकट वाचता येतात. आपल्या विषयाजवळचे तीन काढा आणि प्रत्येकात नमुना निवडीचं कारण काय दिलंय, तेवढंच शोधा. एखाद्यात कारणच सापडलं नाही, तर तिथे काय लिहायला हवं होतं ते स्वतः लिहून बघा.