अकारविल्हे आडनावे

फिलिपिन्सचा स्पॅनिश गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लावेरिया याने 21 नोव्हेंबर 1849 रोजी एक हुकूमनामा काढला आणि त्यासोबत 141 पानांचे एक पुस्तक छापून घेतले. पुस्तकात आहेत ती फक्त आडनावे, अकारविल्हे लावलेली, सुमारे 61 हजार. असला दफ्तरी ऐवज कुणी चवीने वाचत नाही. पण हा वाचण्याजोगा आहे. बहुतेक समाजांत आडनाव पिढ्यान्‌पिढ्या मुरत मुरत घट्ट झाले, त्यामुळे ते का हवे हे कुणाला कधी सांगावे लागले नाही. इथे ते एका सहीने यायचे होते, म्हणून सरकारला कारणे लिहून द्यावी लागली.

हुकूमनाम्याची सुरुवातच तक्रारीने होते. आपण बहुतेक प्रांत फिरून पाहिले, तर इथल्या लोकांना घराणे ओळखू येईल असे आडनावच नाही, असे क्लावेरिया म्हणतो. बाप्तिस्मा झाला की लोक मनाला येईल त्या संताचे नाव पुढे लावत. बाप ‘दे ला क्रूझ’, एक मुलगा ‘दे लोस सांतोस’, दुसरा आणखी काही. आणि शेजारच्या गावात त्याच नावाची शेकडो माणसे. यामुळे न्याय, कारभार, वसुली आणि बंदोबस्त या सगळ्यांत घोळ होतो, असे तो लिहितो. इथवर हा साधा महसुली सूर आहे. फिलिपिन्समध्ये डोईपट्टी होती आणि ती गोळा करायची जबाबदारी ‘बारांगाय’ नावाच्या लहान वस्तीच्या प्रमुखावर असे. गाव आणि नाव दोन्ही बदलणारा माणूस त्याच्या वहीतून सहज निसटे.

पुढच्या कारणात चर्च येते. आडनाव बापाकडून मुलाकडे जात नसल्याने लग्नाच्या वेळी नात्याची जवळीक सिद्ध करता येत नाही आणि चर्चच्या नोंदवह्या निरुपयोगी ठरतात, असे हुकूमनामा सांगतो. आडनावाचे खरे काम इथे उघड होते. समोरचा माणूस ओळखायला गावात त्याचे नाव, त्याची खोड, त्याची आळी पुरते. मेलेल्या आजोबाशी नातवाचा संबंध कागदावर जोडायचा असेल, तेव्हाच आडनाव लागते.

मग यादी. ती तयार करताना धर्मसंघांच्या प्रमुखांकडून मिळतील तेवढी स्पॅनिश आडनावे घेतली, आणि ती पुरेनात म्हणून वनस्पती, खनिजे, भूगोल, कला अशा ठिकाणांहून शब्द उचलले. त्यात स्थानिक भाषांतले शब्दही भरपूर आहेत. लोहाराला लोहाराचे आणि मळेवाल्याला मळ्याचे नाव मिळावे, अशी काही तजवीज नाही. प्रांतात पाने वाटायची, प्रांताने ती गावांना द्यायची, आणि बारांगायमध्ये प्रत्येक कुटुंबातल्या वडीलधाऱ्याने एक शब्द निवडायचा किंवा त्याला तो नेमून द्यायचा. परिणामी काही ठिकाणी अख्ख्या गावाच्या वाट्याला एकच अक्षर आले. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात ‘र’ने सुरू होणाऱ्या आडनावांची आजही गर्दी दिसते. आडनाव कुळाचे नाही, धंद्याचे नाही. पुस्तकाचे कुठले पान कुठे पोचले, एवढाच त्याचा इतिहास.

मला या मजकुरातला सर्वांत बोलका भाग वाटतो तो सवलतींचा. ज्यांना आधीपासून आडनाव आहे, मग ते स्पॅनिश असो, देशी असो की चिनी, त्यांनी ते ठेवावे. चार पिढ्या तेच नाव चालत आल्याचे जे दाखवतील, त्यांना संताचे नावसुद्धा ठेवता येईल, पण ‘दे ला क्रूझ’सारखी सगळीकडे पसरलेली नावे नाहीत. आणि लाकांदोलासारखी जुन्या सरदार घराण्यांची नावे इतर कुणी घ्यायची नाहीत; लाकांदोलाच्या वंशजांना डोईपट्टी माफ होती, त्यामुळे ते नाव म्हणजेच एक हक्क होता. म्हणजे सक्तीच्या आधीच काही घरांत आडनाव रुजले होते, आणि ती घरे कोणती हे पाहण्यासारखे आहे: जिथे पूर्वजाचे नाव सोबत आणणारे चिनी व्यापारी होते, किंवा राजाश्रयाने मिळालेली माफी पुढच्या पिढीला द्यायची होती. ज्यांच्याकडे वारशात द्यायला असे काही नव्हते, त्यांनी आडनावाची पर्वा केली नव्हती.

एका घराण्यात ही सगळी गुंतागुंत एकत्र भेटते. फिलिपिन्सचे राष्ट्रनायक होसे रिसाल यांचे चिनी पूर्वज दोमिंगो लाम-को यांनी ‘मेर्कादो’, म्हणजे बाजार, हे आडनाव घेतले, व्यापाऱ्याला साजेसे. क्लावेरियाच्या काळात कुटुंबाला ‘रिसाल’ हे दुसरे नाव जोडले गेले, पण घरात ते फारसे कुणी वापरले नाही. मग 1872 मध्ये तीन फिलिपिनो धर्मगुरूंना देहदंड झाला. त्यांतल्या फादर बुर्गोस यांच्याशी थोरला भाऊ पासियानोची जवळीक होती, त्यामुळे ‘मेर्कादो’ या नावावर सरकारची नजर होती. त्याच वर्षी धाकट्या होसेला मनिलातल्या शाळेत घातले ते ‘रिसाल’ म्हणून. माणूस सरकारला सापडावा म्हणून निघालेल्या योजनेतले नाव सरकारच्या नजरेतून सुटायला उपयोगी पडले.

हुकूमनाम्याचा शेवट धाकाचा आहे. शिक्षकांनी पटावर प्रत्येक मुलाचे नाव-आडनाव लिहावे आणि मुलांनी एकमेकांना त्याच नावाने हाक मारावी याकडे लक्ष द्यावे. नाव बदलणाऱ्याला तुरुंग. चीनमध्ये असल्या कलमाची गरज पडली नाही; तिथे कुळाचे नाव पूर्वजपूजा आणि विवाहाचे नियम यांत आधीच बांधलेले होते, आणि दोन हजार वर्षांपूर्वी ते सामान्य घरांतही पोचले होते. इंग्लंडमध्ये 1066 च्या नॉर्मन विजयानंतर सरदारांनी जहागिरीची नावे वंशाला लावली, कारण जमीन मुलाला जायची होती. स्मिथ, टेलर अशी धंद्याची नावे सामान्यांत पक्की व्हायला त्यानंतर तीनेक शतके लागली. आपल्याकडे कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही वतने वडिलोपार्जित होती, म्हणून हुद्दाच आडनाव झाला. जपानने मात्र 1875 मध्ये आणि तुर्कस्तानने 1934 मध्ये क्लावेरियासारखाच कायद्याचा रस्ता धरला, कारण आधुनिक राज्याला भरती, कर आणि शाळेसाठी प्रत्येक माणूस नोंदीत हवा होता. कुठे आडनाव आधी आले आणि कुठे उशिरा, हे समाजाच्या प्रगतीवर ठरले नाही. पिढीच्या पलीकडे काहीतरी पोचवण्याची निकड आधी कुणाला लागली, घराला की सरकारला, यावर ते ठरले.

या मजकुराची मर्यादाही तिथेच आहे. गव्हर्नरला ‘दे ला क्रूझ’ आणि ‘दे लोस सांतोस’ यांची गर्दी मोडायची होती. आज फिलिपिन्समधल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांत देला क्रूझ आणि सांतोस अग्रभागी आहेत. अंमलबजावणी सगळीकडे सारखी झाली नाही, आणि जुनी नावे मोठ्या प्रमाणावर टिकून राहिली. 61 हजार शब्द छापूनही जिंकली ती लोकांनी स्वतः उचललेली दोन-चार नावेच. पण ती आता बापाकडून मुलाकडे जातात. शब्दांच्या निवडीत क्लावेरिया हरला. आडनाव वंशपरंपरेने चालावे, हा त्याचा मूळ हट्ट मात्र पुरा झाला.